बेडरूममधला टीव्ही भिंतीवर लावण्यापूर्वी: उंची, झुकाव आणि छिद्रांचा हिशेब

मुलुंडच्या आमच्या जुन्या घरात बेडरूममध्ये पहिला टीव्ही लागला तेव्हा उंची ठरवण्याचे काम मी फिटिंगसाठी आलेल्या माणसावर सोपवले होते. त्याने भिंतीसमोर उभे राहून, हात वर करून, आपल्या डोळ्यांच्या जरा वर पेन्सिलची खूण केली आणि "इथे बरोबर दिसेल ना, साहेब?" असे विचारले. मीही त्याच्या शेजारी उभाच होतो, त्यामुळे बरोबरच दिसले. रात्री उशीला टेकून बसल्यावर पडद्याचा मध्य माझ्या डोळ्यांपेक्षा जवळजवळ अडीच फूट वर असल्याचे लक्षात आले, आणि पंधरा दिवसांनी मानेच्या तक्रारीमुळे तोच टीव्ही उतरवून, नवी छिद्रे पाडून, जुनी पुट्टीने बुजवावी लागली. तो कारागीर हाताचा चांगला होता. चूक एवढीच होती की आम्ही दोघांनी उभे राहून ठरवले आणि टीव्ही मात्र झोपून बघायचा होता.

बेडरूमच्या बाबतीत सगळा हिशेब पलंगावरच्या डोळ्यांपासून सुरू करावा लागतो. डोळ्यांच्या जागेवरून पडद्याची उंची ठरते, उंचीवरून झुकाव ठरतो, झुकावावरून कोणत्या प्रकारचा माउंट, म्हणजे भिंतीवरची पट्टी आणि तिच्यावर अडकणारे टीव्हीमागचे उभे हात, घ्यायचा हे ठरते, आणि भिंतीत छिद्र कुठे पाडायचे हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. प्रत्यक्षात बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा होतो: टीव्हीबरोबर आलेला किंवा कारागिराने आणलेला माउंट आधी भिंतीवर बसतो आणि मग माणसे त्याच्याशी जुळवून घेतात. खाली एका नेहमीच्या खोलीचे उदाहरण धरून योग्य क्रम दाखवला आहे. खोली १० फूट बाय ११ फूट, पलंगाचे डोके ११ फुटांच्या एका टोकाला आणि टीव्हीची भिंत समोर. टीव्ही ४३ इंची, त्याची चौकट सुमारे ९६ सेंमी रुंद व ५६ सेंमी उंच, आणि पायांशिवाय वजन ८ किलो. आपली मापे वेगळी असतील, पण बेरीज-वजाबाकी हीच राहील.

पहिले पाऊल: पलंगावर बसून मापे घेणे

ज्या स्थितीत आपण खरोखर टीव्ही बघतो त्या स्थितीत, नेहमीच्या उश्या घेऊन, पलंगावर बसावे आणि दुसऱ्या कोणाला तरी टेप धरायला सांगावे. दोन मापे लागतात. एक म्हणजे जमिनीपासून डोळ्यांची उंची आणि दुसरे म्हणजे डोक्यामागच्या भिंतीपासून डोळ्यांचे आडवे अंतर. आपल्याकडच्या गादीसकट पलंगाची उंची साधारण ५० सेंमी धरली, तर पाठीला उशी लावून अर्धवट रेललेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे ९५ सेंमीवर येतात. तोच माणूस दोन उश्यांवर डोके ठेवून आडवा झाला की ते ७५ सेंमीच्या आसपास उतरतात. पलंग दोघांचा असेल तर दोघांचीही मापे घ्यावीत, कारण एक जण बसून बातम्या बघतो आणि दुसरा आडवा होऊन डुलक्या घेत मालिका बघतो, हे बहुतेक घरांतले चित्र आहे.

उदाहरणाच्या खोलीत डोळे मागच्या भिंतीपासून ५५ सेंमी पुढे आहेत. ११ फूट म्हणजे ३३५ सेंमी. त्यातून हे ५५ आणि टीव्ही व माउंट मिळून भिंतीपासून पुढे येणारे सुमारे १० सेंमी वजा केले की डोळ्यांपासून पडद्यापर्यंत २७० सेंमी उरतात. हा आकडा कागदावर लिहून ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

दुसरे पाऊल: उंची ठरवणे

हॉलमध्ये सोफ्यावर ताठ बसलेल्या माणसासाठी पडद्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे जमिनीपासून १०० ते ११० सेंमीवर ठेवतात. बेडरूममध्ये पाठ मागे रेललेली असल्यामुळे नजर आपोआप थोडी वर जाते आणि पडदाही थोडा वर चालतो. किती वर, हे सेंमीमध्ये ठरवण्यापेक्षा कोनात ठरवलेले बरे, कारण लहान खोलीत तेच ४० सेंमी मानेला जास्त जाणवतात. त्यासाठी एक सोपा हिशेब पुरतो: पडद्याचा मध्य आणि डोळे यांच्या उंचीतला फरक घ्यावा, त्याला दोघांमधल्या अंतराने भागावे आणि ५७ ने गुणावे. येणारे उत्तर अंशांत असते. तीस अंशांच्या आतल्या कोनांसाठी ते कामापुरते अचूक आहे.

माझ्या अनुभवात रेलून बघताना हा कोन १० अंशांपर्यंत असेल तर मान उशीवरून उचलावी लागत नाही, आणि १५ अंशांच्या पुढे गेला की अर्ध्या तासात हनुवटी वर करण्याचा ताण जाणवू लागतो. उदाहरणात पडद्याचा मध्य १३५ सेंमीवर धरला तर फरक ४० सेंमी येतो. ४० भागिले २७० गुणिले ५७ म्हणजे साधारण साडेआठ अंश. आमच्या त्या जुन्या टीव्हीसारखा मध्य १६५ वर धरला तर हाच कोन १५ अंशांच्या जवळ जातो. आडव्या झालेल्या माणसासाठी, ज्याचे डोळे ७५ सेंमीवर आहेत, १३५ च्या मध्याचा कोन सुमारे १३ अंश होतो. पण त्याचे डोके उशीवर मागे झुकलेले असल्याने त्याला तो जड जात नाही. म्हणून या खोलीसाठी १३५ सेंमी हा मध्य पक्का करू. चौकटीची उंची ५६ सेंमी असल्याने टीव्हीची खालची कड १०७ सेंमीवर येईल, आणि खाली कपड्यांचे ड्रॉवर किंवा छोटे टेबल ठेवायलाही जागा उरेल.

आडवी जागा ठरवताना टीव्हीचा मध्य भिंतीच्या नव्हे तर पलंगाच्या मध्यावर आणावा. आपल्याकडे एका बाजूला कपाट असल्याने पलंग क्वचितच खोलीच्या बरोबर मध्ये असतो, आणि भिंतीच्या मध्यावर लावलेला टीव्ही रोज एका माणसाला तिरका दिसत राहतो. कपाटाचे दार पूर्ण उघडून ते चौकटीला लागत नाही ना, हेही आताच बघावे. एसी त्याच भिंतीवर असेल तर त्याच्या बरोबर खाली टीव्ही घेऊ नये. पाण्याची नळी तुंबली की थेंब समोरच्या बाजूने गळतात आणि ते नेमके टीव्हीच्या वरच्या झरोक्यांत जातात.

ठरवलेली उंची लगेच भिंतीत कोरू नये. वर्तमानपत्राची पाने जोडून ९६ बाय ५६ सेंमीचा तुकडा कापावा, मध्यावर फुली मारावी आणि मास्किंग टेपने तो भिंतीवर चिकटवून दोन रात्री तसाच ठेवावा. साधी टेप वापरली तर काढताना रंगाचे पापुद्रे येतात, म्हणून मास्किंग टेपच घ्यावी. या दोन रात्रींत पलंगाच्या पायथ्याची उभी फळी कागदाची खालची कड झाकते का, आणि पायथ्याच्या अरुंद वाटेतून जाताना खांदा कुठे लागतो, हे आपोआप कळते. आमच्या आताच्या घरात आईने कागद बघून "अजून चार बोटं खाली घे रे, मला चष्म्याच्या वरच्या भागातून बघावं लागतंय" असे सांगितले होते. दूरचे आणि जवळचे असा दुहेरी चष्मा वापरणाऱ्यांच्या बाबतीत हे लक्षात ठेवावे: ते रेलून बघताना काचेच्या कोणत्या भागातून बघतात यावर त्यांची सोयीची उंची बदलते.

तिसरे पाऊल: झुकाव, आणि त्यावरून माउंट

पडदा नजरेला काटकोनात असला की चित्र सर्वांत चांगले दिसते. त्यामुळे नजर जितके अंश वर जाते तितकेच अंश टीव्ही पुढे झुकवायचा, एवढाच नियम आहे. उदाहरणात रेलून बघणाऱ्यासाठी साडेआठ आणि आडव्या माणसासाठी १३ अंश येतात. दोघांना चालेल असा १० अंशांचा झुकाव घेऊ. एक-दोन अंशांचा फरक डोळ्यांना कळत नाही. मात्र काही पडदे खालून बघितल्यावर पटकन फिके पडतात, काळा भाग राखाडी दिसू लागतो, आणि अशा पडद्यांना झुकाव दिल्यावर पडणारा फरक स्पष्ट दिसतो.

झुकावाचा दुसरा उपयोग प्रतिबिंबासाठी आहे. बंद टीव्हीचा काळा पडदा आरशासारखा असतो. पलंगावर बसून त्यात काय दिसते ते बघितले की रात्री काय त्रास देणार ते कळते. सरळ उभ्या पडद्यात डोक्यामागच्या भिंतीवरची ट्यूबलाइट दिसत असेल, तर पुढे झुकलेल्या पडद्यात तिच्या जागी पलंग आणि चादर दिसू लागते. खिडकी बाजूच्या भिंतीवर असेल तर झुकावाचा फारसा फायदा होत नाही. तिथे खिडकीचा पडदाच ओढावा लागतो.

आता माउंटचे प्रकार. फिक्स्ड माउंट टीव्हीला भिंतीपासून दोन-तीन सेंमीवर सरळ धरतो आणि झुकू देत नाही. टिल्ट माउंट पुढे झुकू देतो, बहुतेकांत १५ अंशांपर्यंत. फुल मोशन माउंटला बाहेर येणारा हात असतो आणि तो डावी-उजवीकडेही वळतो. पलंग टीव्हीच्या समोर असलेल्या खोलीत टिल्ट माउंटच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. फुल मोशन तेव्हाच घ्यावा जेव्हा पलंग टीव्हीच्या भिंतीला काटकोनात आहे किंवा तोच टीव्ही दुसऱ्या कोपऱ्यातूनही बघायचा आहे.

या मतामागे फक्त किमतीचा विचार नाही. टिल्ट माउंटवर ८ किलोचा टीव्ही भिंतीपासून सुमारे ७ सेंमीवर लटकतो, तर फुल मोशनचा हात ४५ सेंमी बाहेर काढला की तेच वजन तरफेसारखे काम करते. भिंतीवरच्या पट्टीच्या वरच्या आणि खालच्या छिद्रांत २० सेंमी अंतर असेल तर पहिल्या बाबतीत वरच्या स्क्रूंना बाहेर ओढणारी ताकद तीन किलोच्या आतच राहते, दुसऱ्या बाबतीत ती १८ किलोवर जाते, आणि टीव्ही ढकलताना-ओढताना प्रत्येक वेळी तिथे हिसका बसतो. काँक्रीटमध्ये हे काहीच नाही. चार इंची विटेच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत मात्र वर्षभरात वरचे प्लग सैल होण्याची ही ठरलेली वाट आहे.

टिल्ट माउंट घेताना वेष्टनावर '१५ अंश' लिहिले आहे एवढे बघून थांबू नये. टीव्ही वरून पुढे येतो तेव्हा खालून मागे जातो. १० अंश झुकावाला ५६ सेंमी उंचीच्या टीव्हीची वरची कड खालच्या कडेपेक्षा जवळजवळ १० सेंमी पुढे असते. माउंटचा सांधा टीव्हीच्या खालच्या कडेपासून २२ सेंमी वर असेल, तर खालची कड सुमारे ४ सेंमी मागे सरकते. माउंटने टीव्हीला भिंतीपासून ३ सेंमीवरच धरले असेल, तर आठ अंशांवरच खालची कड भिंतीला टेकते आणि पुढचे सात अंश कागदावरच राहतात. म्हणून दुकानात 'भिंतीपासून किती अंतर' हे विचारावे आणि ५ ते ६ सेंमी अंतराचा माउंट घ्यावा. वायरी मागच्या बाजूला सरळ घुसणाऱ्या असतील तर तेवढी जागा तशीही लागते.

चौथे पाऊल: टीव्हीच्या पाठीवरची चार छिद्रे

टीव्ही गादीवर चादर पसरून पालथा ठेवावा. जमिनीवर ठेवल्यास वाळूचा एक खडाही पडद्यावर ओरखडा काढतो. पाठीवर चौकोनात चार छिद्रे दिसतात. त्यांच्या अंतरांची जगभर चालणारी ठरावीक मापे आहेत, आणि ती ठरवणाऱ्या संघटनेच्या नावावरून त्यांना व्हेसा मापे म्हणतात. १०० × १००, २०० × १००, २०० × २००, ४०० × २००, ४०० × ४०० अशी ती मिलिमीटरमध्ये लिहितात. पहिला आकडा आडव्या अंतराचा, दुसरा उभ्या अंतराचा. माहितीपुस्तिका हरवली असेल तर एका छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत टेपने मोजावे. कडेपासून कडेपर्यंत मोजल्यास काही मिलिमीटरची चूक होते आणि आपण भलत्याच मापाच्या शोधात राहतो. आपल्या उदाहरणातल्या टीव्हीचे माप २०० × २०० आहे. माउंटच्या वेष्टनावर '४०० × ४०० पर्यंत' असे असले तरी त्यात २०० × २०० चा स्पष्ट उल्लेख आहे का, हे पाहावे; काही मोठ्या माउंटचे उभे हात लहान टीव्हीच्या कडेबाहेर डोकावतात.

छिद्रांचे अंतर जुळले म्हणजे काम झाले असे नाही. स्क्रूची जाडी आणि लांबीही जुळावी लागते. १०० × १०० ला बहुधा एम-४, २०० × २०० ला एम-४ किंवा एम-६ आणि मोठ्या मापांना एम-६ किंवा एम-८ स्क्रू असतात. एम-६ म्हणजे ६ मिमी जाडी. योग्य स्क्रू बोटांनी फिरवला तरी पाच-सहा आटे सहज आत जातो. पहिल्याच आट्याला अडत असेल तर तो चुकीचा आहे, पान्याने किंवा ड्रिल मशीनने रेटू नये.

लांबीसाठी पेनाची रिकामी रिफिल छिद्रात टेकेपर्यंत घालावी, कडेशी नखाने खूण करावी आणि मोजावी. समजा खोली १४ मिमी आली आणि माउंटच्या हाताचा पत्रा २ मिमी जाड आहे. १२ मिमीचा स्क्रू घेतल्यास १० मिमी आत जाईल, जो एम-६ साठी चांगला आहे, आणि तळाशी ४ मिमी मोकळे राहतील. २० मिमीचा घेतल्यास तो तळाला टेकेल. कसणारा माणूस आणखी जोर लावील आणि आतल्या पट्टीवर किंवा पॅनेलच्या मागे दाब पडेल. पुढून पडद्यावर एके ठिकाणी दिसणारा फिकट डाग हे त्याचे लक्षण असते. उलट ६ मिमीचा स्क्रू चार आट्यांवरच उभा राहतो आणि कधीतरी आटे ओरबाडून बाहेर येतो. छिद्रे पाठीच्या खोलगट भागात असतील तर माउंटच्या पिशवीतल्या प्लास्टिकच्या नळ्या मध्ये घालाव्या लागतात, आणि तेवढी लांबी स्क्रूमध्ये वाढवावी लागते. पिशवीत योग्य स्क्रू नसेल तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या हार्डवेअर बाजारात कोणत्याही लांबीचा सुटा मिळतो. नमुन्याला जुना स्क्रू न्यावा.

याच वेळी आणखी एक माप घ्यावे, जे बहुतेक जण विसरतात. छिद्रांचा चौकोन टीव्हीच्या पाठीच्या बरोबर मध्यावर असेलच असे नाही. आजकालच्या पातळ टीव्हींमध्ये तो बरेचदा खाली सरकलेला असतो. उदाहरणातल्या टीव्हीत खालची छिद्रे खालच्या कडेपासून १२ सेंमीवर आणि वरची ३२ सेंमीवर आहेत. चौकोनाचा मध्य २२ सेंमीवर आला, पण पडद्याचा मध्य २८ वर आहे. माउंटचा मध्य १३५ सेंमीवर धरून छिद्रे पाडली तर पडद्याचा मध्य १४१ वर जाईल. दोन रात्री कागद लावून काढलेले उत्तर असे एका क्षणात सहा सेंमीने हुकते.

म्हणून खालून वर मोजत जावे. टीव्हीची खालची कड १०७ सेंमीवर हवी. वरची छिद्रे तिच्या ३२ सेंमी वर, म्हणजे १३९ वर. माउंटचा उभा हात टीव्हीला लावून बघितल्यावर त्याचा वरचा हूक, जो भिंतीवरच्या पट्टीवर अडकतो, या छिद्रांच्या ३ सेंमी वर आला. म्हणजे पट्टीची वरची कड १४२ वर हवी. पट्टीतील छिद्रांची वरची ओळ त्या कडेच्या २ सेंमी खाली आहे. म्हणजे ड्रिलची पहिली ओळ जमिनीपासून १४० सेंमीवर. हे ३ आणि २ सेंमी प्रत्येक माउंटचे वेगळे असतात, त्यामुळे ते हातातल्या माउंटवरच मोजावेत.

पाचवे पाऊल: भिंत ओळखणे

मुंबईत एकाच गल्लीत चार प्रकारच्या भिंती असतात, आणि प्रत्येकीला प्लग वेगळा लागतो. ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे भुकटी. माउंटच्या पट्टीमागे झाकली जाईल अशा जागी ६ मिमीच्या बिटने एक छोटे छिद्र पाडावे आणि खाली कागद धरावा. सुरुवातीला पांढरी भुकटी येते, ती पीओपीच्या किंवा जिप्समच्या थराची. मग राखाडी येते, ती सिमेंटच्या गिलाव्याची. त्यानंतर लाल आली तर आत वीट आहे. राखाडीच येत राहिली आणि मशीन ओरडू लागले तर काँक्रीट आहे. गिलाव्यानंतर बिट लोण्यात शिरल्यासारखे गेले आणि पांढुरकी, रवाळ भुकटी आली तर हलका एएसी ब्लॉक आहे. भुकटीऐवजी एकदम पोकळी लागली तर ती जिप्सम बोर्डाची किंवा प्लायची पार्टिशन आहे.

अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतून बांधलेल्या नव्या टॉवरांत बेडरूमच्या बऱ्याच भिंती अखंड काँक्रीटच्या असतात. पकड उत्तम, पण घरगुती ड्रिल तिथे थकते; रोटरी हॅमर असलेलाच कारागीर बोलवावा. मध्ये लोखंडी सळई लागली तर ती कापत बसू नये, पट्टीच्या लांबट खाचेचा फायदा घेऊन छिद्र दोन-तीन सेंमी सरकवावे.

जुन्या सोसायट्यांमध्ये खोल्यांमधली भिंत बहुधा चार इंची विटेची असते. तिथे प्लगची लांबी हा कळीचा मुद्दा आहे. गिलावा १२ ते १५ मिमी, त्यावर पीओपीचा १० मिमी थर, म्हणजे पहिल्या २५ मिमीला काही ताकद नाही. माउंटबरोबर येणारा ५० मिमीचा प्लग, ज्याला कारागीर गिट्टी म्हणतात, त्याचा निम्माच भाग विटेत बसतो. तिथे १० मिमी जाडीचा, ८० मिमी लांबीचा नायलॉन प्लग घ्यावा, म्हणजे ५५ मिमी विटेत राहतात. विटांमधल्या सांध्यात प्लग बसवू नये. बिट मऊ लागले आणि लाल भुकटीऐवजी राखाडी आली की तो सांधा समजावा आणि छिद्र जरा वर-खाली घ्यावे.

एएसी ब्लॉकमध्ये हॅमर बंद ठेवून नुसते फिरवूनच छिद्र पाडावे, नाहीतर छिद्र फुगते. त्यासाठीचे पीळदार पाती असलेले वेगळे प्लग मिळतात. साधा प्लग स्क्रूबरोबर गोल फिरत राहतो. पार्टिशनच्या भिंतीत आतल्या उभ्या चौकटीवर १८ मिमी प्लायची फळी आधी घट्ट बसवावी आणि माउंट त्या फळीवर लावावा. गिरगाव-परळकडच्या जुन्या चाळींत चुन्याचा गिलावा दोन-दोन इंच जाड असतो आणि ड्रिल लागताच ढेपळतो. तिथे मी भिंतीचा नाद सोडून लाकडी खांब शोधतो, आणि तो जागेवर नसेल तर टीव्ही टेबलावर ठेवतो.

बेडरूमच्या समोरच्या भिंतीपलीकडे बाथरूम असेल, आणि मुंबईत ते बरेचदा असते, तर आधी पलीकडे जाऊन नळ, गीझर आणि शॉवर कुठे आहेत ते मोजावे. त्यांच्या सरळ वर किंवा खाली पाइप असतो. बोर्ड किंवा सॉकेट यांच्या सरळ उभ्या आणि आडव्या रेषेतही छिद्र पाडू नये, कारण वायरींची नळी तिथूनच जाते. पावसाळ्यात या भिंतीवर ओल येऊन रंग फुगत असेल तर गळती थांबवल्याशिवाय टीव्ही लावू नये.

सहावे पाऊल: छिद्रे पाडणे आणि लटकवणे

बहुतेक सोसायट्यांत दुपारी ठरावीक वेळ ड्रिल चालवायला बंदी असते. कारागिराची वेळ त्या हिशेबाने ठरवावी. पट्टी भिंतीवर धरून आधी एकच छिद्र खुणावे, ते पाडावे, स्क्रू अर्धवट बसवावा आणि पट्टीवर लेव्हल ठेवून मगच दुसरे खुणावे. चारही खुणा एकदम केल्यास ड्रिल घसरून होणारी एखाद-दोन मिलिमीटरची चूक सुधारायला जागा राहत नाही. बिटवर टोकापासून ९० मिमीवर टेप गुंडाळली की खोली कळते. चार इंची भिंतीत यापुढे गेल्यास पलीकडच्या टाइलला तडा जाऊ शकतो. पाडलेले छिद्र फुंकून स्वच्छ करावे. आत भुकटी राहिली तर प्लग पूर्ण बसत नाही, आणि कारागीर तो हातोडीने ठोकून वरचा भाग चेपून टाकतो.

स्क्रू कसताना हाताला वाढता विरोध जाणवला पाहिजे. शेवटच्या दोन वळशांत तो विरोध अचानक नाहीसा झाला तर प्लग आतल्या आत फिरतो आहे. असा स्क्रू 'चालेल' म्हणून सोडू नये. पट्टी बसल्यावर तिला दोन्ही हातांनी धरून अंगाचे थोडे वजन टाकून खाली ओढावे. पट्टी आणि भिंत यांमध्ये केसाएवढी फट उघडली तरी काम पुन्हा करावे.

टीव्ही लटकवणे दोघांचे काम आहे. वरचे हूक पट्टीवर बसल्याचा 'टक्' असा आवाज दोन्ही बाजूंनी यायला हवा, आणि खालचे कुलूप-स्क्रू किंवा दोऱ्या अडकवल्याशिवाय हात सोडू नये. त्यानंतर झुकाव द्यावा. मोबाइलमधले लेव्हलचे अॅप उघडून फोनची लांब कड टीव्हीच्या बाजूच्या चौकटीला उभी टेकवावी आणि १० अंश येईपर्यंत टीव्ही पुढे आणावा. हे माप भिंतीवरून घेऊ नये, कारण आपल्याकडच्या कितीतरी भिंती ओळंब्यात नसतात, एखादा अंश तिथेच चुकतो. मग दोन्ही बाजूंचे सांध्यांचे नट सारखे कसावेत. एकच बाजू कसली तर टीव्ही हळूहळू पिळतो आणि वरची कड तिरकी दिसू लागते.

महिनाभराने त्याच जागी पुन्हा फोन टेकवावा. १० ऐवजी १२ किंवा १३ दिसले तर सांधे सरकत आहेत, नट अर्धा वळसा आणखी कसावेत. आकडा तोच असून वरची पट्टी भिंतीपासून सुटलेली दिसली, किंवा प्लगभोवतीच्या रंगावर बारीक गोल भेग दिसली, तर दोष प्लगचा आहे. त्या वेळी नट कसून उपयोग नाही. टीव्ही उतरवून प्लग बदलावे लागतील.